कायदेशीर नोटीस: फ्लॅट क्र. 203 मधील विनापरवाना बांधकाम बदल

रजिस्टर्ड पोस्ट ए.डी. व हातपोच

फोंडा, गोवा
दि. 12 मे 2025

प्रति,
श्री. अनिकेत स. वेरेकर
फ्लॅट क्र. 203, दुसरा मजला
वनश्री सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
तिस्क, फोंडा, गोवा 403401

महोदय,

माझे पक्षकार वनश्री सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित यांच्या व्यवस्थापक समितीने दि. 4 मे 2025 रोजी केलेल्या ठरावानुसार व त्यांनी दिलेल्या माहितीवरून आपणास ही नोटीस देण्यात येते, ती अशी की,

1. माझे पक्षकार ही गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली नोंदलेली संस्था असून आपण तिचे सभासद व वरील फ्लॅटचे धारक आहात. इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, आरसीसी सांगाड्याची आहे. आपल्या फ्लॅटखाली 103 व वर 303 हे फ्लॅट असून दोन्हींत कुटुंबे राहतात.

2. दि. 2 मार्च 2025 रोजी आपण संस्थेकडे अर्ज केलात. त्यात आपल्याच हस्ताक्षरात ‘जुनी फरशी बदलणे व रंगकाम’ एवढेच लिहिले आहे. संस्थेने दि. 9 मार्च रोजी तेवढ्याच कामाला लेखी परवानगी दिली आणि ‘तुळई, खांब, स्लॅब व बाहेरील भिंतींना हात लावू नये’ अशी अट घातली. त्या पत्राच्या स्थळप्रतीवर पोच म्हणून आपली सही आहे. ‘मला परवानगी होती’ असे आपण आता शेजाऱ्यांना सांगत आहात, म्हणून हा तपशील प्रथम नमूद केला आहे.

3. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दि. 31 मार्च रोजी, काम सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी ब्रेकरचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचला. संस्थेने दि. 5 एप्रिल रोजी काम थांबवण्याचे पत्र दिले. सचिव व दोन समिती सदस्यांनी दि. 13 एप्रिल रोजी पाहणी केली, तेव्हा पुढील गोष्टी आढळल्या. स्वयंपाकघर व दिवाणखाना यांमधील भिंत पूर्ण पाडलेली होती. तिच्यावरील तुळईचा खालचा भाग सुमारे दीड मीटर लांबीत छिन्नीने तोडलेला होता व सळ्या उघड्या पडल्या होत्या; वीस वर्षांहून जुन्या त्या सळ्यांपैकी दोन गंजलेल्या दिसल्या. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील खांबात विजेच्या पाइपसाठी खाच पाडली होती. बाल्कनीचा कठडा काढून तेथे साडेचार इंची वीट भिंत उभी राहत होती आणि बाल्कनी खोलीत घेतली जात होती.

4. पाहणीच्या वेळी आपण म्हणालात, ‘ती नुसती वीट भिंत होती, आरसीसी नव्हती.’ भिंतीपुरते ते खरे असेल. आक्षेपाचा मुख्य मुद्दा तुळईचा आहे. तुळईच्या मध्यभागी खालच्या सळ्या ताण पेलतात. त्यांच्याभोवतीचे काँक्रीट काढले की सळ्यांची पकड जाते आणि पावसाळी हवेत गंज वेगाने धरतो. बाल्कनीचे उलट आहे. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनेच धरलेला, लोंबता असल्याने त्यात ताणाच्या सळ्या वरच्या अंगाला असतात, आणि आपल्या माणसांनी जुनी फरशी उखडताना ब्रेकर नेमका तेथेच चालवला. त्यावर 3 मीटर लांब व 2.7 मीटर उंच वीट भिंत म्हणजे गिलाव्यासह दोन टनांच्या आसपास कायमचा भार.

5. संस्थेने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरांनी दि. 19 एप्रिल रोजी फ्लॅट 103 च्या छतावरील तड्यावर काचेची पट्टी चिकटवली होती. दि. 26 एप्रिल रोजी ती मधोमध तुटलेली आढळली, म्हणजे तडा वाढत आहे. त्याच्या रुंदीत आता एक रुपयाच्या नाण्याची कड शिरते. त्या फ्लॅटमध्ये 78 वर्षांच्या सभासद एकट्या राहतात. गिलाव्याचा पोपडा त्यांच्या देवघरासमोर पडला तेव्हा त्या नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. दि. 28 एप्रिलच्या अहवालात तुळईला तातडीने टेकू देण्याची व बाल्कनीवरील भिंत उतरवण्याची शिफारस आहे. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. तो मिळूनही दि. 7 मे रोजी रात्री आपल्याकडे विटांचा टेम्पो रिकामा झाला.

6. ‘घर माझे, आतले मी बघेन’ हे आपले व्हॉट्सॲप गटावरील उत्तर माझ्या पक्षकारांना मान्य नाही. जी तुळई आपल्या छताखाली दिसते, तिच्यावर फ्लॅट 303 ची जमीन टेकलेली आहे. सन 2014 च्या 4 जानेवारीला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून माणसे दगावली. तिची परिस्थिती वेगळी होती आणि येथे तसेच होईल असे माझ्या पक्षकारांचे म्हणणे नाही. मात्र धोका लेखी कळल्यावरही हात बांधून बसले, असा ठपका समिती स्वतःवर घेणार नाही.

7. आपले वरील कृत्य संस्थेच्या नोंदणीकृत पोटनियमांचा व दि. 9 मार्चच्या परवानगीतील अटीचा भंग आहे. इमारतीच्या सांगाड्यातील बदल व बाल्कनी बंद करणे यांसाठी गोवा नगरपालिका कायदा, 1968 व गोवा जमीन विकास व इमारत बांधकाम विनियम, 2010 यांनुसार लागणारी पालिकेची परवानगीही आपण दाखवू शकला नाहीत.

8. सबब आपणास कळवण्यात येते की, ही नोटीस मिळताच सर्व तोडफोड व बांधकाम थांबवावे. नोटीस मिळाल्यापासून 48 तासांत संस्थेच्या इंजिनीअरांना फ्लॅटमध्ये प्रवेश देऊन तुळईखाली लोखंडी टेकू बसवू द्यावेत; पाऊस तीन-चार आठवड्यांवर आहे, त्यामुळे या मुदतीत सवलत मिळणार नाही. बाल्कनीवरील भिंत 7 दिवसांत उतरवावी. तुळई, खांब व कठडा 30 दिवसांत त्याच इंजिनीअरांच्या देखरेखीखाली दुरुस्त करून त्यांचा दाखला संस्थेकडे द्यावा. पाडलेली आतली भिंत पुन्हा बांधायची की नाही, हे इंजिनीअर ठरवतील. त्याबाबत माझ्या पक्षकारांचा हट्ट नाही. इंजिनीअरांची फी रु. 18,000/- व या नोटिशीचा खर्च रु. 6,500/-, एकूण रु. 24,500/-, 15 दिवसांत संस्थेच्या खात्यात भरावेत. फ्लॅट 103 च्या छताची दुरुस्ती आपल्या खर्चाने करून द्यावी.

9. काही सभासदांनी आपले पाणी तोडावे अशी सूचना केली होती. समितीने ती फेटाळली व माझाही सल्ला तोच होता. आपल्या घरातील मुलांचा या वादाशी संबंध नाही, आणि संस्थेला कायद्याचा मार्ग मोकळा आहे.

10. वरीलप्रमाणे न वागल्यास माझे पक्षकार पुढील सूचना न देता फोंडा नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार करतील, सहकार निबंधकांपुढे वाद दाखल करतील, आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 38 व 39 खाली मनाई व पूर्ववत करून देण्याचा आदेश सक्षम न्यायालयाकडे मागतील. त्याचा सर्व खर्च व होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर राहील.

या नोटिशीची एक प्रत पुढील कार्यवाहीसाठी माझ्या कार्यालयात ठेवली आहे.

आपली,
अ‍ॅड. मेधा शं. प्रभुगावकर
वनश्री सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित यांच्यातर्फे वकील

सोबत: 1) दि. 9 मार्च 2025 चे परवानगी पत्र 2) दि. 5 एप्रिल 2025 चे काम थांबवण्याचे पत्र 3) दि. 28 एप्रिल 2025 चा अहवाल, 11 छायाचित्रांसह