दिव्याचे अंतर आणि हायड्रिलाचे बुडबुडे : प्रयोगाचा अहवाल

पदवी द्वितीय वर्ष, वनस्पतिशास्त्र प्रात्यक्षिक. ठिकाण : मालवण तालुक्यातील महाविद्यालयाची प्रयोगशाळा. महिना : ऑक्टोबर.

उद्देश

पाण्यात बुडालेल्या वनस्पतीवर पडणारा प्रकाश कमी-जास्त केल्यास तिच्या खोडाच्या कापलेल्या टोकातून सुटणाऱ्या बुडबुड्यांची संख्या कशी बदलते, हे पाहणे हा या प्रयोगाचा पहिला उद्देश होता. ही संख्या प्रकाशसंश्लेषणाच्या वेगाचे माप म्हणून कितपत विश्वासाची आहे, हे तपासणे हा दुसरा. या अहवालात दुसऱ्या उद्देशाला जास्त जागा दिली आहे, कारण पहिल्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच मिळते.

साहित्य आणि मांडणी

हायड्रिला गावतळ्यातून सकाळी आणून त्याच तळ्याच्या पाण्यात उन्हात ठेवला होता. त्यातील हिरवीगार, शेंड्याकडची सुमारे ७ सेंटीमीटर लांबीची एक फांदी निवडली, तिचे खोड पाण्याखालीच धारदार ब्लेडने तिरके कापले आणि कापलेले टोक वर येईल अशा रीतीने ती ५०० मिलिलीटरच्या चंचुपात्रात उलटी धरली. फांदी तरंगून वर येऊ नये म्हणून शेंड्याला काचेच्या कांडीने हलकेच दाबून ठेवले.

पात्रातील पाणी विहिरीचे होते. जांभ्या दगडातून झिरपणारे आपल्याकडचे विहिरीचे पाणी साधारणतः मृदू असते आणि त्यात बायकार्बोनेट कमी असते. त्यामुळे नुसत्या विहिरीच्या पाण्यात बुडबुडे फार संथ येतात आणि प्रकाशापेक्षा कार्बन डायऑक्साइडच मर्यादा घालत असल्याची शंका राहते. म्हणून त्या अर्ध्या लीटर पाण्यात २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला. हायड्रिला बायकार्बोनेटचाही कार्बनचा स्रोत म्हणून उपयोग करू शकतो.

प्रकाशासाठी १२ वॅटचा एलईडी दिवा वापरला. साधा पिवळा बल्ब टाळला, कारण त्याच्या उष्णतेने पाणी तापते. तरीही दिवा आणि पात्र यांच्यामध्ये पाण्याने भरलेली चपटी काचेची बाटली ठेवली. खिडक्यांना काळे कापड लावले. प्रत्येक अंतरावर फांदीला पाच मिनिटे स्थिरावू दिले आणि मग एकेक मिनिटाची तीन मोजमापे घेतली. अंतर दिव्याच्या काचेपासून खोडापर्यंत मोजले, पात्राच्या भिंतीपर्यंत नव्हे. अंतरे चढत्या क्रमाने न घेता उलटसुलट घेतली, म्हणजे फांदी हळूहळू थकत असेल तर तो परिणाम अंतराच्या नावावर जमा होऊ नये.

निरीक्षणे

प्रकाशाची सापेक्ष तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरून काढली असून १० सेंटीमीटरला ती १०० मानली आहे.

| अंतर (सेंमी) | सापेक्ष तीव्रता | दर मिनिटाचे बुडबुडे | सरासरी |
|---|---|---|---|
| १० | १०० | ४६, ४९, ४४ | ४६.३ |
| १५ | ४४.४ | ३८, ४१, ३९ | ३९.३ |
| २० | २५ | २९, २७, ३१ | २९.० |
| ३० | ११.१ | १४, १३, १६ | १४.३ |
| ४० | ६.३ | ६, ८, ७ | ७.० |
| ६० | २.८ | १, २, १ | १.३ |

दिवा झाकल्यावर काही मिनिटांत बुडबुडे जवळजवळ थांबले आणि दिवा उघडल्यावर पुन्हा सुरू झाले. बुडबुडे प्रकाशामुळेच येतात एवढे यावरून म्हणता येते.

आकड्यांचा अर्थ

४० वरून २० सेंटीमीटरवर आल्यावर प्रकाश चौपट होतो आणि बुडबुडेही साधारण चौपट होतात. २० वरून १० वर आल्यावर हिशेबाने प्रकाश पुन्हा चौपट होतो, पण बुडबुडे केवळ १.६ पट होतात. मंद प्रकाशात प्रकाश हाच मर्यादक घटक असतो आणि तीव्र प्रकाशात दुसरे काहीतरी आड येते, ही ब्लॅकमनने १९०५ मध्ये मांडलेली कल्पना या दोन ओळींना बरोबर लागू पडते. आपल्या मांडणीत ते दुसरे काहीतरी बहुधा कार्बनचा पुरवठा किंवा विकरांची गती असावी.

दूरच्या टोकाला मात्र आकडे प्रमाणापेक्षा कमी पडतात. ३० सेंटीमीटरच्या आकड्यावरून ६० सेंटीमीटरला मिनिटाला साडेतीनच्या आसपास बुडबुडे यायला हवे होते, पण एखाददुसराच आला. वनस्पती श्वसनासाठी सतत ऑक्सिजन वापरत असते आणि बाहेर दिसतो तो वापरून उरलेला ऑक्सिजन. प्रकाश जितका मंद, तितका या वजाबाकीचा वाटा मोठा. म्हणून ६० सेंटीमीटरला प्रकाशसंश्लेषण थांबत आले होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

इथवरचा अहवाल कोणत्याही प्रात्यक्षिक वहीत शोभला असता. परंतु तक्त्यातील पहिल्या आणि शेवटच्या स्तंभाकडे थोडे संशयाने पाहणे आवश्यक आहे.

अंतराचा स्तंभ

वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम बिंदूएवढ्या प्रकाशस्रोतासाठी आहे. आपल्या दिव्याचा पांढरा घुमट सुमारे ६ सेंटीमीटर रुंद आहे, त्यामुळे १० सेंटीमीटरवरून पाहता तो बिंदू राहत नाही. मोबाइलमधील प्रकाशमापकाने तपासले असता ४० वरून २० सेंटीमीटरवर प्रकाश ३.९ पट झाला, पण २० वरून १० वर तो ३.३ पटच झाला. मोबाइलचे माप स्वतःच ढोबळ आहे हे मान्य, तरी गुणोत्तर पाहण्यापुरते ते पुरते. म्हणजे जवळच्या टोकाला आलेख जो आडवा होताना दिसतो, त्यातला काही भाग वनस्पतीचा नसून दिव्याच्या आकाराचा आहे.

बुडबुड्यांचा स्तंभ

संख्या मोजताना आपण प्रत्येक बुडबुडा सारखा धरतो. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात सुमारे ०.५२ घन मिलिमीटर वायू असतो आणि दीड मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात सुमारे १.७७, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. भिंगातून पाहिल्यावर खोडाच्या तिरक्या कापावर बुडबुडा फुगत राहतो, क्षणभर लोंबकळतो, डुलतो आणि सुटतो. तो किती मोठा झाल्यावर सुटेल हे कापाची कडा, टोकाशी चिकटलेला पेशींचा धागा आणि वायू किती वेगाने येतो यांवर ठरते. खोड नव्याने कापले की त्याच प्रकाशात आकडा बदलतो, तो यामुळेच.

हे शब्दांवर न सोडता आम्ही मोजून पाहिले. १ मिलिलीटरच्या सिरिंजचा दट्ट्या काढून तिची नळी पाण्याने भरली, टोक मेणाने बंद केले आणि ती खोडाच्या कापलेल्या टोकावर उलटी धरून दहा मिनिटे वायू साठवला. २० सेंटीमीटरवर ०.१४ मिलिलीटर वायू जमला, १० सेंटीमीटरवर ०.३१ मिलिलीटर. बुडबुड्यांच्या संख्येने वाढ १.६ पट दाखवली होती, घनफळाने ती २.२ पट निघाली. सरासरी बुडबुडा २० सेंटीमीटरला ०.४८ घन मिलिमीटरचा आणि १० सेंटीमीटरला ०.६७ घन मिलिमीटरचा येतो. व्यासातील हा फरक ०.९७ आणि १.०९ मिलिमीटर एवढाच आहे, जो नुसत्या डोळ्याला कधीच कळणार नाही. जोरात येणारा वायू मोठे बुडबुडे बनवत होता आणि मोजणारा त्यांना लहान बुडबुड्यांच्याच भावाने मोजत होता. संपृक्तता आहे, कारण ३.३ पट प्रकाशाला वायू २.२ पटच मिळाला. पण वरचा तक्ता ती आहे त्यापेक्षा अधिक ठळक दाखवतो, आणि या पद्धतीवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. आकार सर्व अंतरांवर सारखाच बेभरवशाचा असता तर सरासरीने भागले असते, परंतु इथे चूक एकाच दिशेने झुकते.

याशिवाय, जो ऑक्सिजन बुडबुडा होतच नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो. २८ अंश सेल्सिअसच्या आसपास हवेशी समतोलात असलेल्या एक लीटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. अर्ध्या लीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे वायुरूपात ३ मिलिलीटरच्या आसपास. आपली फांदी १० सेंटीमीटरवर मिनिटाला ०.०३१ मिलिलीटर वायू सोडत होती. या मानाने त्या पात्रातील पाण्यात दीड तासाच्या बुडबुड्यांइतका ऑक्सिजन आधीच गुपचूप सामावलेला असतो. पाणी उकळून गार केलेले असेल तर ते सुरुवातीचा बराचसा ऑक्सिजन गिळून टाकेल. म्हणून उकळलेले पाणी वापरलेल्या आणि साधे पाणी वापरलेल्या दोन गटांच्या आकड्यांची तुलना करू नये.

उलट दिशेची चूकही होते. १० सेंटीमीटरवर मोजमाप संपेपर्यंत पाण्याचे तापमान २७.५ वरून २८.६ अंशांवर गेले. पाणी तापले की वायूंची विद्राव्यता घटते आणि विरघळलेली हवा काचेवर, पानांवर, खोडावर बारीक थेंबांसारखी सुटू लागते. तिचा प्रकाशसंश्लेषणाशी काही संबंध नसतो. शिवाय बुडबुड्यातला वायू शुद्ध ऑक्सिजन नसतो, कारण आजूबाजूच्या पाण्यातील नायट्रोजन खोडातील वायुपोकळ्यांत आणि बुडबुड्यात शिरत राहतो. सिरिंजमधील घनफळालाही हा आक्षेप लागू आहे. पानांच्या कडांना चिकटून राहिलेले, कधीच न सुटणारे बुडबुडे तर कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

मोजणाऱ्याबद्दल थोडक्यात. १० सेंटीमीटरच्या एका मिनिटात आमच्यातील एकाने ४९ मोजले आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्याने ४५. तक्त्यात पहिला आकडा घेतला आहे, कारण मोजणीचे काम आधीच त्याच्याकडे दिले होते. जोडीने सुटणारे दोन बुडबुडे एक की दोन, यावर दोघांचे एकमत झाले नाही. मिनिटाला शंभराच्या वर बुडबुडे असते तर कोणाचाच आकडा गंभीरपणे घेता आला नसता.

काय करावे

बुडबुडे मोजणे सोडून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. इंगेनहाउझने १७७९ मध्ये पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात येत नाहीत हे दाखवले, तेव्हाही बुडबुड्यांनीच काम भागवले होते. प्रकाश वाढला की वेग वाढतो, या विधानासाठी एक चंचुपात्र आणि एक घड्याळ पुरेसे आहे. मात्र वेग किती पटीने वाढतो आणि कोणत्या अंतराला संपृक्तता येते, हे सांगायचे असेल तर किमान घनफळ मोजावे. त्यासाठी विल्मॉटचा बबलर किंवा वरच्यासारखी सिरिंज वापरावी, एकदा कापलेले टोक संपूर्ण प्रयोगात बदलू नये आणि प्रत्येक अंतराला पाण्याचे तापमान लिहावे. विरघळलेल्या ऑक्सिजनचाही हिशेब हवा असल्यास बंद बाटलीत फांदी ठेवून प्रयोगाच्या आधी व नंतर विंक्लर पद्धतीने अनुमापन करावे. हीच बाटली काळ्या कागदात गुंडाळून दुसरा संच ठेवला की श्वसनात खर्च झालेला ऑक्सिजनही कळतो आणि ६० सेंटीमीटरच्या त्या एखाददुसऱ्या बुडबुड्यामागचे खरे प्रकाशसंश्लेषण काढता येते.

प्रस्तुत तक्त्यातील १० आणि २० सेंटीमीटरची सरासरी ही केवळ बुडबुड्यांची संख्या म्हणून वाचावी. ऑक्सिजनच्या वेगाचा आलेख काढताना या दोन अंतरांसाठी सिरिंजचे घनफळ घ्यावे. उरलेल्या चार अंतरांचे घनफळ मोजलेले नसल्यामुळे त्यांचे बिंदू त्या आलेखात टाकू नयेत.