अण्णा, साठ पूर्ण झाल्याबद्दल

अण्णा, सादर नमस्कार आणि वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा!

सकाळीच फोन करणार होतो, पण या थंडीत तुम्ही पहाटे चारपासून बागेत शेकोट्या पेटवत फिरत असणार, म्हणून लिहितोय. दुपारी चहाला टेकलात की निवांत वाचा.

आज एक आठवण सांगायची आहे. तुम्ही ती विसरला असाल, मी नाही विसरलो.

मार्च २०२०. लॉकडाऊन लागला आणि तुमची थॉमसन ऐन काढणीत वेलीवर अडकली. व्यापारी फिरकेनात, मजूर मिळेनात. घरच्याच माणसांनी कात्र्या हातात घेतल्या, आणि जो माल एक्स्पोर्टला जायचा त्यातला निम्मा बेदाण्याला टाकावा लागला. इकडे अंबडला आमचं बॉक्सचं युनिट बंद, बारा कामगार खोल्यांवर बसून. तुमच्याकडची बाकी मागायला माझी जीभ रेटत नव्हती. तुमची बाग डोळ्यांसमोर होती ना. एप्रिल लागल्यावर तुमचाच फोन आला. ना नमस्कार, ना चमत्कार, थेट "सुनील, पोरांचे पगार झाले का?" मी गप्प. संध्याकाळी सगळी रक्कम खात्यात जमा. त्यातल्या काही बिलांची तर मुदतही भरली नव्हती. ते पैसे तुम्ही खरड छाटणीसाठी बाजूला ठेवले होते, हे पुढे कितीतरी महिन्यांनी काकूंच्या बोलण्यातून कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नाही.

त्या बारांपैकी नऊ जण आजही इथेच आहेत. सकाळी त्यांना सांगितलं, आज अण्णांचा वाढदिवस. भगवानदादांनी मशीन थांबवलं, हात पुसले आणि म्हणाले, "आमचा नमस्कार कळवा." तो कळवतो. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, महिना कितीही ओढाताणीचा असो, मी आधी पगाराचे पैसे वेगळे काढतो, बाकीचं मागून. हे वळण तुमच्यामुळे लागलं. वडील गेल्यावर असं शिकवणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

थंडीने मणी तडकू नयेत, अवकाळीने या हंगामात तुमच्या शिवाराकडे वळून बघू नये, आणि सगळे घड मनासारखे भरावेत, एवढंच रामरायाकडे मागणं. गुडघा मात्र अंगावर काढू नका. फवारणीचं पोरांवर सोडा आता, ती चांगली तयार झाली आहेत.

आईने तिळाच्या वड्या केल्यात. रविवारी तिला घेऊन येतो, नुसतं तुम्हाला भेटायला. तिला तुमचं औक्षण करायचंय. काकूंना सांगा, स्वयंपाकाचा घाट घालू नका. ओट्यावर उन्हात बसून चहा घेऊ.

तुमचा,
सुनील