छत गळतंय: रात्री लिहिलेला आणि सकाळी पाठवलेला मेसेज

रात्री ११:४०, लिहिला पण पाठवला नाही:

काका, आता हद्द झाली!! महिना झाला घसा कोरडा करून सांगतेय, छत गळतंय, गळतंय, गळतंय. तुमचं आपलं एकच, "बघतो." काय बघताय? बघत तर आम्ही बसलोय, रात्रभर बादलीकडे! भाडं एक तारखेला न चुकता पाहिजे आणि फोन उचलायला मात्र वेळ नाही. तुमच्या स्वतःच्या डोक्यावर प्लास्टर पडलं असतं तर तासाभरात माणूस आणला असता. उद्या काम झालं नाही तर एक पैसा देणार नाही, आणि तुम्ही कसे आहात ते अख्ख्या बिल्डिंगला सांगेन.

(सकाळी चहा घेताना वाचला. बादली सोडली तर यात कामाची एकही गोष्ट नाही. शिवाय भाडं थांबवायची धमकी, म्हणजे मूळ विषय बाजूला आणि काकांना बोलायला आयतं कारण.)

८ ऑगस्ट, सकाळी ९:१५, पाठवला:

नमस्कार काका. बेडरूमच्या छताच्या गळतीबद्दल लिहितेय. फोनवरचं बोलणं विसरायला होतं, म्हणून आतापर्यंत काय झालं ते एकदा सलग मांडते.

१२ जुलैला पंख्याच्या डाव्या बाजूला बशीएवढा ओलीचा डाग दिसला. त्याच दिवशी फोटो पाठवला, तुम्ही "बघतो" असं उत्तर दिलंत. १९ जुलैला फोनवर बोललो, वरच्या मजल्यावरच्यांशी बोलतो म्हणालात. २६ जुलैपासून पाणी ठिबकायला लागलं. २ ऑगस्टला पहाटे हाताच्या पंज्याएवढा प्लास्टरचा तुकडा पलंगाच्या पायथ्याशी पडला. तिथे कोणी झोपलेलं नव्हतं म्हणून निभावलं. त्याचा फोटो तुम्हाला ६:५० ला पाठवलाय. त्यावर तुमचं उत्तर आलेलं नाही.

हे पावसाचं पाणी नाही, असं मी अंदाजाने म्हणत नाही. उघडीप होती त्या दिवसांतही सकाळी सात ते नऊ या वेळात धार वाढते. बरोबर आमच्या खोलीवर वरच्यांचं बाथरूम आहे. मी वहिनींना विनंती केली, त्यांनी ३ ऑगस्टला दिवसभर ते बाथरूम वापरलं नाही. सकाळी मिनिटाला तीसेक थेंब पडत होते, संध्याकाळपर्यंत पाच-सहावर आले. दुसऱ्या दिवशी वापर सुरू झाला आणि पुन्हा पहिल्यासारखं. दोन्ही वेळचे व्हिडिओ काढून ठेवलेत. ५ तारखेला प्लंबरला बोलावून दाखवलं. नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून पाणी स्लॅबमध्ये मुरतंय असं त्याचं म्हणणं आहे. पक्कं कळायला वरून एक-दोन फरशा काढाव्या लागतील, आणि ते मी करू शकत नाही. वरच्यांची तयारी आहे, फक्त तुम्ही त्यांच्याशी बोलायला हवं.

पंख्याच्या पॉइंटजवळ ओल पोचली आहे, म्हणून त्या खोलीचा एमसीबी आम्ही २ तारखेपासून बंद ठेवलाय. आम्ही चौघं हॉलमध्ये झोपतो. सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियनने तो पॉइंट तपासायला हवा. त्याला आजच पाठवा, त्यासाठी बाकीच्या कामाची वाट बघू नका.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. वरच्या बाथरूमची गळती मुळातून बंद व्हावी. स्लॅब पूर्ण वाळल्यावर सुटलेलं प्लास्टर काढून नवं करावं. आणि रंग त्यानंतरच. गेल्या वर्षी याच जागी डागावर नुसता रंग मारला होता, त्याचेच पोपडे आता उशीवर पडतायत.

रविवारी, १० तारखेला संध्याकाळी सहापर्यंत कोण, कधी येणार ते इथेच लिहून कळवा. काम १४ तारखेच्या आत सुरू व्हावं. मी रोज सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर घरी असते. इतर वेळी किल्ली शेजारी ठेवीन, म्हणजे घर बंद होतं असं व्हायला नको.

भाडं नेहमीप्रमाणे १ तारखेला जमा केलंय, तेही तपासून घ्या. दुरुस्तीचं कलम आपल्या करारात आहे, त्या पानाचा फोटो खाली जोडलाय. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर हाच मजकूर फोटोंसकट पत्र म्हणून तुमच्या घरी आणून देईन, पोच घेईन, आणि पुढे काय करायचं ते वकिलांना विचारून ठरवीन. तशी वेळ येऊ नये असंच मला वाटतं. तीन वर्षांत आपलं कधी वाजलेलं नाही.

सोबत: तारखेसह ९ फोटो, २ व्हिडिओ, प्लंबरने लिहून दिलेली चिठ्ठी, कराराचं पान. पडलेला तुकडा पिशवीत घालून ठेवलाय, आलात की दाखवते.