विषय: सोलापूरच्या ‘तिफणधार’ लाकडी घाण्याच्या तेलासाठी बिदर, भालकी, बसवकल्याण आणि हुमनाबाद येथे तालुका वितरक नेमण्याबाबत

प्रति,
किराणा व खाद्यतेल वितरक बंधू-भगिनी,
बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद

सप्रेम नमस्कार.

मी वैशाली म्हेत्रे. सोलापुरात अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत आमचा चार लाकडी घाण्यांचा कारखाना आहे. शेंगदाणा, करडई आणि तीळ अशी तीन तेले आम्ही ‘तिफणधार’ या नावाने बाटलीबंद करतो. दीड वर्ष सोलापूर शहरातच विक्री केल्यानंतर आता प्रथमच राज्याची हद्द ओलांडून आपल्या जिल्ह्यात माल पाठवण्याचे ठरवले आहे. आपल्याशी मराठीतून व्यवहार होतो हे आपल्या भागातील व्यापाऱ्यांकडून समजले, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. दरपत्रक आणि कराराचा मसुदा मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत सोबत जोडला आहे.

पहिला प्रांत म्हणून बिदर निवडण्याचे कारण करडई हे आहे. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या रानात करडईचे पाटे टाकण्याची आणि काटेरी पीक म्हणून बांधाच्या कडेने करडई पेरून जनावरांना अटकाव करण्याची रीत जुनी आहे. अखिल भारतीय समन्वित करडई संशोधन प्रकल्पाचे केंद्रही सोलापुरातच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या रानांत हेच पीक होते आणि दोन्हीकडच्या घरांत भाकरी-चटणीवर हेच तेल ओतले जात होते. आपल्या दुकानदारांच्या साठीपुढच्या गिऱ्हाइकांना करडईच्या तेलाचा वास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नव्या मालाची ओळख करून देण्यात वितरकाची जी शक्ती खर्च होते, ती इथे बरीच वाचेल असे मला मनापासून वाटते.

तरीही किमतीचा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. रिफाइंड तेलाच्या पिशवीशेजारी आमची बाटली महाग दिसते, आणि ‘एवढे का?’ या प्रश्नाला दुकानदाराने काय उत्तर द्यायचे हे आपल्याला आधी पटले पाहिजे. म्हणून एक लिटर शेंगदाणा तेलाचा आमचा हिशेब येथे उघड मांडते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम भरते आणि तेवढे तेल निघण्यासाठी आमच्या घाण्याला अडीच किलो निवडलेले शेंगदाणे लागतात. या हंगामात आम्हाला दाणा निवडीसह किलोला 118 रुपयांनी पडला, म्हणजे दाण्याचेच 295 रुपये झाले. मागे साधारण दीड किलो पेंड राहते. तिच्यात तेलाचा अंश बराच असल्याने पशुपालक ती 48 रुपये किलोने नेतात, त्यामुळे 72 रुपये परत येतात आणि दाण्याचा निव्वळ खर्च 223 रुपये राहतो. मजुरी आणि वीज 28 रुपये, बाटली, झाकण, लेबल व पेटी 24 रुपये आणि बिदरपर्यंतची वाहतूक 6 रुपये धरली की बेरीज 281 रुपयांवर जाते. आपल्याला आमचा दर 320 रुपये अधिक 5 टक्के जीएसटी असा राहील. मधल्या 39 रुपयांत जागेचे भाडे, कर्जाचे व्याज, तपासणीचा खर्च, परत आलेला माल आणि आमचा नफा बसतो. मोठ्या गिरणीत यंत्राच्या दाबाने आणि पुढे पेंडीतून द्रावकाने तेल काढले जाते, म्हणून तेवढ्याच दाण्यातून तिथे जास्त तेल मिळते. घाण्यात ते मिळत नाही, आणि भावातला फरक मुख्यतः इथून येतो.

करडईचे गणित याहून कठीण आहे. टरफलासकट बी घाण्यात घातले तर एका लिटरला जवळपास चार किलो करडई लागते. त्यामुळे त्याची छापील किंमत 430 रुपये, तर शेंगदाणा तेलाची 410 रुपये ठेवली आहे. आपण दुकानदाराला शेंगदाणा तेल 344 रुपये अधिक कर या दराने द्यावे. त्यात आपल्याला लिटरमागे 24 रुपये, म्हणजे साडेसात टक्के सुटतात आणि दुकानदाराला कर वजा जाता सुमारे 46 रुपये राहतात. करडई व तिळाला हेच टक्के लागू आहेत.

मालाच्या गुणवत्तेबद्दल एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, कारण घाण्याच्या तेलाच्या व्यापारात तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. ओलसर साठवलेल्या शेंगदाण्याला बुरशी लागते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. रिफायनरीतल्या प्रक्रियेत ते बहुतांशी निघून जाते, पण घाण्याचे तेल नुसते निवळून गाळले जात असल्याने तिथे अशी दुसरी संधी नसते. दाण्यात जे असेल त्यातले काही तेलात उतरणारच. म्हणून आमच्याकडे सहा महिला रोज सकाळी दाणा हाताने निवडतात आणि काळपट, सुरकुतलेला, फुटका किंवा कोंब आलेला दाणा बाजूला काढतात. तो दाणा आम्ही घाण्यात घालत नाही आणि पेंडीतही मिसळत नाही, कारण ती पेंड दुभत्या जनावरांपुढे जाते. प्रत्येक खरेदीच्या दाण्याची आणि तेलाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घेतो. अलीकडच्या तीन अहवालांच्या प्रती सोबत आहेत आणि आपल्याला मिळणाऱ्या प्रत्येक बॅचचा अहवाल बिलासोबत येईल.

आरोग्याचे दावे मात्र आमच्या लेबलवर नाहीत, आणि आपल्या विक्रेत्यांनीही ते करू नयेत अशी विनंती आहे. हे तेल अमुक आजार बरा करते किंवा हृदयाला औषध आहे, असे सांगून विकलेली बाटली खाद्यसुरक्षा कायद्याच्या दृष्टीने अडचणीत आणते आणि गिऱ्हाइकाचीही फसवणूक करते. चव, वास, ताजेपणा आणि कुठल्या तालुक्यातील बी आहे एवढे सांगणे पुरेसे आहे. प्रत्येक बाटलीवर घाणा चालवल्याची तारीख छापलेली असते, ती गिऱ्हाइकाला अवश्य दाखवावी. हॉटेलच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळते. तिथे आमचे तेल लवकर धूर धरते, म्हणून ते हॉटेलांना विकू नये. फोडणी, भाजी, चटणी आणि घरची बेताची तळणी यासाठी ते योग्य आहे.

दोन तक्रारी येतील, त्यांची उत्तरे आधीच कळवते. आपल्याकडे पठारावर थंडी कडक पडते. अशा पहाटे शेंगदाणा तेल गढूळ आणि घट्ट दिसते, आणि बाटली कोमट जागी ठेवली की ते पुन्हा निवळते. तो भेसळीचा पुरावा नव्हे, आणि तसे लेबलवर कन्नड व मराठीत छापले आहे. दुसरे म्हणजे बाटलीच्या तळाशी बारीक गाळ बसू शकतो, कारण आम्ही तेल चार दिवस टाकीत निवळून कापडी फिल्टरमधून गाळतो, पण रसायनाने स्वच्छ करत नाही.

गळतीबाबत आमचा एक अनुभव आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, आम्ही बाटल्या काठोकाठ भरल्या होत्या. सोलापूरच्या उन्हात तेल फुगून झाकणांतून पाझरले, अकरा पेट्या खराब झाल्या आणि दुकानांच्या फळ्या तेलकट झाल्या. चूक आमचीच होती. तेव्हापासून बाटलीच्या मानेत जागा सोडतो आणि झाकणाखाली फॉइलचे सील लावतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गळतीची तक्रार आली नाही. तरीही वाहतुकीत गळलेली बाटली फोटो पाठवताच पुढच्या गाडीने बदलून मिळेल.

शेंगदाणा व तिळाचे तेल भरल्यापासून सहा महिने, तर करडईचे चार महिने टिकते. करडईचे तेल उजेडाने आणि हवेने लवकर खवट होते, म्हणून ते गडद रंगाच्या बाटलीत भरतो. दुकानदारांना ते उन्हाच्या फळीवर मांडू देऊ नये. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी कळवलेला न विकलेला माल आम्ही पूर्ण दराने परत घेऊ. आपल्या गोदामात माल अडकवून विक्री दाखवण्याची आमची इच्छा नाही.

आमची क्षमता मर्यादित आहे. एका घाण्यात एका वेळी 18 किलो दाणा बसतो आणि तो घाणा उतरायला सव्वा तास लागतो. चारही घाणे दिवसाला सहा वेळा चालवले तर सुमारे 170 लिटर शेंगदाणा तेल मिळते, म्हणजे महिन्याला साधारण 4,250 लिटर. त्यातले 2,600 लिटर सोलापुरातच जाते. राहिलेल्या मालात चार तालुक्यांना प्रत्येकी 400 लिटर देता येतील, त्याहून जास्त नाही. म्हणून एका तालुक्यात एकच वितरक नेमू. तो हक्क एक वर्षासाठी लेखी राहील आणि त्या तालुक्यातील कोणत्याही दुकानाला आम्ही परस्पर माल देणार नाही.

पहिली मागणी 20 पेट्यांची असावी. पेटीत एक लिटरच्या 12 बाटल्या असतात. सर्व माल शेंगदाणा तेलाचा धरल्यास किंमत 76,800 रुपये, त्यावर आयजीएसटी 3,840 रुपये, असे एकूण 80,640 रुपये होतात. ई-वे बिल आम्ही काढू. पहिल्या खेपेला निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी माल उतरल्यावर द्यावी. दुसऱ्या खेपेपासून पंधरा दिवसांची उधारी राहील. आमची गाडी दर मंगळवारी सकाळी निघून नळदुर्ग, उमरगा, बसवकल्याण फाटा, हुमनाबाद या रस्त्याने येते आणि बिदर व भालकीला त्याच दिवशी पोहोचते. भाव बदलायचा झाल्यास सात दिवस आधी कळवू, आणि त्या मुदतीत नोंदवलेल्या मागणीला जुनाच दर लागेल.

येळवस आपल्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. त्या आठवड्यात घरोघर भज्जी, आंबील आणि उंड्यांचा बेत असतो, आणि मागोमाग संक्रांतीची तिळाची खरेदी सुरू होते. पहिला माल येळवशीच्या तीन आठवडे आधी दुकानांत पोहोचावा असे मला वाटते. आपल्याला रस असल्यास याच पत्त्यावर उत्तर पाठवून आपला तालुका, सध्या माल देत असलेल्या दुकानांची अंदाजे संख्या आणि गोदामाची जागा कळवावी. तिन्ही तेलांच्या पाव लिटरच्या नमुना बाटल्या पुढच्या मंगळवारच्या गाडीने विनामूल्य पाठवते. त्या घरी आठवडाभर वापरून पाहाव्यात आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्यांचे मत घेतल्यावरच मागणीचा निर्णय करावा. कारखाना पाहण्यासाठी यायचे असल्यास सकाळी आठ ते अकरा या वेळेत यावे, तेव्हा दाणा निवडणे आणि घाणा दोन्ही चालू असतात.

सोबत: दरपत्रक, कराराचा मसुदा, एफएसएसएआय परवान्याची प्रत, प्रयोगशाळेचे तीन अहवाल.

आपली नम्र,
वैशाली म्हेत्रे
तिफणधार लाकडी घाणा तेल, सोलापूर