‘काँग्रेस विहिरीचं पाणी’ : समासातल्या नोंदी, पहिला हात

फाईलच्या सुरुवातीला
सर, लेख दोनदा वाचला. लाल अक्षरांत आहे ते मी बदललंय. पिवळ्या पट्टीत नुसते प्रश्न आहेत, तिथे मजकुराला हात लावलेला नाही. एखादा बदल पटला नाही तर खुशाल काढून टाका, कारण लिहायची गरज नाही. सन-तारखा आणि नावांबद्दल मात्र फोनवर बोलू. दिवाळी अंकात आपल्याला आठ पानं आहेत आणि लेख साडेनऊ भरतोय. काटछाट झालीय ती मुख्यतः त्यासाठी.

पान १, परिच्छेद १
तुमचा तिसरा परिच्छेद वर आणलाय. आजी कमरेवर घागर घेऊन पायऱ्या चढते, तिथे वाचक लगेच बेळगावच्या टिळकवाडीत पोचतो. ही विहीर ज्यासाठी खोदली त्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची माहिती त्यानंतर आली की ती का सांगताय हे कळतं. शब्द सगळे तुमचेच, फक्त जागा बदलली.

पान १, ओळ १४
‘म्हैसूर राज्यातील बेळगावी’ऐवजी ‘मुंबई इलाख्यातलं बेळगाव’. १९२४ साली जिल्हा मुंबई इलाख्यात होता. म्हैसूर राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. ‘बेळगावी’ हे सरकारी नाव २०१४ पासूनचं. आपल्याकडे अशा ओळी लोक बोट ठेवून वाचतात, म्हणून आधीच पक्कं केलं.

पान २, ओळ ३
‘गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेल्या अधिवेशनांपैकी एक’ असं होतं. ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात, त्यामुळे ‘एकमेव’ केलं. वाक्य छोटं झालं आणि तुमचा मुद्दा उलट ठसठशीत झाला.

पान २, ओळ ९
‘गंगाधरराव देशपांडे यांच्याद्वारे नियोजन करण्यात आले’चं ‘गंगाधरराव देशपांड्यांनी आखणी केली’ केलं. राबलेला माणूस वाक्याच्या पुढे यावा एवढंच. असं आणखी चार ठिकाणी आहे, कारण तेच. तिथे वेगळी नोंद लिहिली नाही.

पान ३, ओळ ६
टिळकांची होमरूल लीग ‘पुण्यात’ स्थापन झाली असं आलंय. ती एप्रिल १९१६ मध्ये बेळगावलाच स्थापन झाली. दुरुस्त केलंय. हा तर तुमच्या लेखाला मिळालेला आयता दुवा आहे: आठ वर्षांनी त्याच गावात अधिवेशन. एखादं वाक्य वाढवणार का? त्यासाठी दोन ओळींची जागा राखलीय.

पान ४, आजीचे संवाद
इथे सगळ्यात कमी हात लावलाय, पण एक गोष्ट विचारायची आहे. पहिल्या दोन संवादांत आजी ‘पाणी आहे ना’ म्हणते आणि पुढे ‘हाय की, कुठं जातंय!’ दुसरी आजी खरी वाटते. पहिल्या दोन ठिकाणीही ‘हाय की’ केलंय. शिकल्या-सवरल्या पाहुण्यांसमोर आजी मुद्दाम भाषा बदलत असेल तर माझा बदल काढा. मात्र मग तसं अर्ध्या ओळीत सांगायला हवं, नाहीतर मुद्रणदोष वाटेल. ‘ऱ्हातंय’, ‘बगतोस काय’ जसंच्या तसं ठेवलंय. प्रूफ वाचणाऱ्यालाही ‘बगतोस’चं ‘बघतोस’ करू नये असं कळवलंय.

पान ४, ओळ २२
‘बावी (कानडी शब्द, अर्थ विहीर)’ यातला कंस काढला. घागर, रहाट, बावी एका ओळीत आल्यावर अर्थ आपोआप कळतो. शिवाय मराठीतही ‘बाव’ आहेच, दोन्हींचं मूळ संस्कृत ‘वापी’. नुसतं ‘कानडी’ म्हटलं तर चंदगड-खानापूरकडचे वाचक हरकत घेतील!

पान ५, सर्वत्र
‘विहीरीत’, ‘विहीरीचे’ अकरा ठिकाणी होतं, ‘विहिरीत’, ‘विहिरीचे’ केलं. मूळ शब्दात ‘ही’ दीर्घच. विभक्ती लागली की ऱ्हस्व होते, जसं गरीब–गरिबाला. ‘परीक्षेत’ तुम्ही दीर्घ ठेवलंय ते बरोबर, तो तत्सम शब्द आहे.

पान ६ ते ७
स्वागत समितीच्या नावांची दीड पानाची यादी काढलीय. ती गोळा करायला तुम्हाला किती खेपा पडल्या असतील ते दिसतंय, म्हणून मजकूर फाईलच्या शेवटी वेगळा ठेवलाय. लेखाच्या मध्यावर आजी दीड पान नाहीशी होते, ही अडचण. शेवटी बारीक टायपात चौकट करता येईल, तेव्हा ती एक स्तंभ भरेल. हवी असेल तर सांगा.

पान ८, ओळ ११
‘पंपा सरोवर’ हे विहिरीचं नाव इथे पहिल्यांदा येतं. पान २ वर, विहीर खोदल्याच्या ओळीत नेऊ का? अधिवेशनाच्या तळाला ‘विजयनगर’ म्हणत, तेही तिथेच आहे. दोन्ही नावं शेजारी आली तर हंपीचा धागा न सांगता कळतो. अजून हलवलेलं नाही.

पान ९, शेवट
‘अशा प्रकारे या विहिरीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ हे वाक्य कंसात टाकलंय, काढलेलं नाही. त्याआधीची ओळ, रिकामी घागर पायरीवर ठेवून आजी आत डोकावते, तिथे थांबावं असं वाटतं. शुक्रवारी पानं लावायला जातात; गुरुवार संध्याकाळपर्यंत एवढ्या एका जागेचं कळवलंत तरी चालेल.