केळीची कापणी दुपारी न्यायच्या प्रस्तावाबद्दल

आबा, नमस्कार.

सोमवारी तुम्ही मांडलं त्यावर मी तिथे काही बोललो नाही, सगळ्यांसमोर तुम्हाला आडवं बोलणं बरं वाटलं नाही म्हणून हे फक्त तुम्हालाच लिहितोय, ग्रुपवर टाकलेलं नाही.

तुमचा मुद्दा कळला. गाडी यायला चार वाजतात, सकाळी सहाला कापलेला माल तोवर भरून पडलेला असतो, लोडिंगची पोरं बसून हजेरी घेतात. शिवाय सकाळच्या मालाला चीक जास्त निघतो, डाग पडतात, हेही तुमचंच खरंय, मी गेल्या महिन्यात टाकीवर उभं राहून बघितलंय. पण मेमध्ये कापणी अकरा ते चार करायला माझं मन घेत नाही.

आबा, आपल्या रावेर-यावलात तेव्हा ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं. बागेतून आलेल्या घडाला हात लावला तर कोमट लागतो, आणि तो माल प्रीकूलिंगमध्ये १३-१४ डिग्रीवर आणायला सकाळच्या मालापेक्षा कितीतरी वेळ जास्त जाणार. तेवढा वेळ न देता तसाच गाडीत भरला तर गाडीतलं मशीन थंड माल थंड ठेवतं, गरम माल थंड करायचं काम त्याचं नाही. मग वाटेत पिकायला लागला की तिकडून फोटो येतात, आणि ते फोटो पहिले तुमच्याच मोबाईलवर येतात ना? टोळीचं तर वेगळंच, भर दुपारी खांद्यावर घड घेऊन बांधापर्यंत चालणारा माणूस दोन दिवसात दुसऱ्याच्या बागेत जाईल, त्याला दोष कसा देणार.

मला वाटतं कापणी पहाटे पाच ते नऊच ठेवू, आणि लोडिंगच्या पोरांना सकाळऐवजी दुपारी दोनला बोलवू, म्हणजे तुमची बसून हजेरीची अडचण बऱ्यापैकी सुटते. चिकासाठी फण्या तुरटीच्या पाण्यात थोड्या जास्त वेळ राहू देऊ, टाकीचं पाणीही लवकर बदलू, तिथे मी स्वतः उभा राहतो. दुपारी कापून बघायचंच असेल तर माझी ना नाही, फक्त एकच गाडी करू, भरताना चार-पाच बॉक्समधल्या गराचं तापमान घेऊ आणि सकाळच्या गाडीशी ताडून बघू. रजिस्टर मी ठेवतो. आकडे तुमच्या बाजूने निघाले तर शनिवारच्या मीटिंगमध्ये मीच सांगेन की आबांचं बरोबर होतं, आणि ते मला जड जाणार नाही, ठिबकच्या वेळी पण तुम्हीच बरोबर निघाला होतात.

यात माझं काही चुकत असेल तर सरळ फोन करा, संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो. फक्त तोवर टोळीवाल्या मुकादमाला वेळ बदलल्याचं सांगू नका, त्याला एकदा सांगितलं की परत फिरवायला आपल्या दोघांनाही जड जाईल.

तुमचाच,
पॅकहाऊसवरून