संसर्गाची साखळी: पहिल्या वॉर्ड पोस्टिंगआधीचा पाठ

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, विषय: संसर्ग नियंत्रण

सहा कड्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत: रोगजंतू, त्याचा साठा, बाहेर पडण्याची वाट, प्रसाराचा मार्ग, आत शिरण्याची वाट आणि संसर्ग होऊ शकणारी व्यक्ती. आकृती काढून पाच मार्क मिळतात, पण वॉर्डात आकृतीचा उपयोग नाही. तिथे समोरच्या पेशंटकडे बघून तीन प्रश्न विचारायचे: याचा जंतू कुठून बाहेर पडतोय, कसा प्रवास करतोय, आणि दुसऱ्याच्या अंगात कुठून शिरणार? उत्तरं आली की मास्क घालायचा की ग्लोव्हज, पेशंटला वेगळं ठेवायचं की मच्छरदाणी लावायची, हे आपोआप ठरतं.

पोस्टिंग जुलैत सुरू होतंय, तेव्हा लेप्टोपासूनच सुरुवात करू. चौतीस वर्षांचा एक माणूस, दिव्याला राहणारा, ठाण्यात हमालीचं काम करणारा. जोरदार पावसाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या म्हणून तो गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेला. टाचेला भेग होती, वर चपलेने घासलेली जखम. आठ-दहा दिवसांनी ताप, पोटऱ्या एवढ्या दुखतात की हात लावू देत नाही, डोळे लाल, मग पिवळे. कॅज्युअल्टीत आल्यावर नातेवाईक सांगतात, ‘साधा ताप आहे, मलेरिया असेल.’ इथे इतिहास घेणाऱ्या सिस्टरने ‘पाण्यातून चालला होतात का?’ एवढं विचारलं तरी निदानाची दिशा बदलते.

आता याच्या कड्या जोडा. जंतू आहे लेप्टोस्पायरा. साठा प्रामुख्याने उंदराच्या मूत्रपिंडात. उंदीर स्वतः धडधाकट फिरतो. बाहेर पडण्याची वाट म्हणजे उंदराची लघवी. ती नाल्यात, कचऱ्याच्या ढिगात, घुशींनी पोखरलेल्या गटारात असते, आणि पाणी तुंबलं की सगळीकडे पसरते. प्रसाराचा मार्ग हे दूषित पाणी आणि ओली माती. शिरण्याची वाट टाचेची भेग, पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी, तोंड आणि डोळ्यांचा ओला पडदा. आणि शेवटची कडी तो हमाल, ज्याला कामावर जाणं टाळता येत नाही.

कुठली कडी तुटते? उंदीर आणि कचरा हे महापालिकेचं काम, आपल्या हातात नाही. गमबूट, जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी, घरी आल्यावर साबणाने पाय धुणं हे आरोग्य शिक्षण तुम्ही देऊ शकता. पाण्यातून गेलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात ते याच साखळीत, शेवटच्या कडीवर काम करतं. लेप्टो माणसाकडून माणसाला क्वचितच होतो, त्यामुळे या पेशंटला वेगळ्या खोलीत कोंडायची गरज नाही. पण त्याची लघवी आणि रक्त हाताळताना ग्लोव्हज हवेतच. तीन प्रश्न विचारले नाहीत, तर नेमकं उलटं घडतं: सगळे मास्क लावून उभे राहतात आणि युरोबॅग उघड्या हाताने रिकामी होते.

हात, आणि हाताने जे जे शिवलं जातं ते

वॉर्डातला सर्वात मोठा रस्ता संपर्काचा. थेट संपर्क सोपा आहे: खरूज असलेलं बाळ कडेवर घेतलं, कीड तुमच्या हातावर आली. अवघड आहे तो अप्रत्यक्ष संपर्क, कारण तो दिसत नाही. उद्या एक प्रयोग करा. ग्लोव्हज घातलेल्या एखाद्या सीनियरचा हात नुसता बघत राहा. जखमेचं ड्रेसिंग काढलं, मग ट्रॉलीचं हँडल धरलं, पडदा सरकवला, फाइल उघडली, कपाळावरची बट मागे सारली, आयव्हीचा पोर्ट पकडला. ग्लोव्हजमुळे सिस्टरचे हात स्वच्छ राहिले, पण पुढच्या पेशंटच्या वाट्याला मागच्याचे जंतू आले. ग्लोव्हज म्हणजे दुसरी कातडी, तीही मळतेच. एक पेशंट संपला की काढायचे. त्याच पेशंटच्या मळक्या भागाकडून स्वच्छ भागाकडे जातानाही बदलायचे. काढल्यावर हात धुवायचे.

बीपीचा कफ, स्टेथोस्कोप, तुमचा मोबाइल, लिफ्टचं बटण, लोकलमधली हँडल्स या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या. हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकू शकतो, म्हणून टेबलावरचा रक्ताचा डाग ‘जुना आहे, सुकलाय’ म्हणून सोडायचा नाही.

हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात मळलेले दिसत असतील तर हँडरब पुरत नाही. अँटिबायोटिक्सनंतर होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबातही साबण-पाणीच लागतं, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. इतिहासातली एक गोष्ट आपल्या व्यवसायाने विसरू नये. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्याआधीसुद्धा सुईणींच्या विभागात मृत्यू कमी होते, कारण सुईणी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतीला जात नव्हत्या.

थेंब आणि हवा

फ्लू, घटसर्प, डांग्या खोकला यांचे जंतू खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून येतात. हे थेंब जड, साधारण मीटरभर अंतरात खाली बसतात. इथे सर्जिकल मास्क आणि दोन बेडमधलं अंतर उपयोगी. टीबी, गोवर, कांजिण्या यांचे अतिसूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात. गोवराचा पेशंट खोली सोडून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा संसर्ग देऊ शकते, आणि लस न घेतलेल्या दहा जणांचा जवळून संबंध आला तर नऊ जणांना गोवर होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या भिवंडीतही गोवराची साथ आली, तेव्हा लसीकरण राहिलेल्या वस्त्यांमधली मुलं सर्वाधिक भरडली गेली. पुस्तकातली पाच मायक्रॉनची रेघ कामापुरती धरा. कोविडनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं आहे की थेंब आणि हवा यांच्यात एवढी काटेकोर भिंत नसते. सक्शन किंवा इंट्युबेशन करताना थेंबांचे रोगही हवेतून पसरू शकतात.

दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, ‘सकाळी ८:१० च्या लेडीज डब्यात शेजारी कुणी खोकत असेल तर टीबी होईल का?’ शक्यता शून्य नाही, पण टीबीला सहसा दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा एकाच हवेत राहणं लागतं. उघड्या दाराच्या लोकलपेक्षा मुंब्र्यातली एका खिडकीची, सात जणांची खोली जास्त धोक्याची. म्हणून कफात जंतू सापडलेल्या पेशंटच्या घरच्यांची तपासणी होते, डब्यातल्यांची नाही. वॉर्डात सर्जिकल मास्क पेशंटला आणि एन-९५ तुम्हाला. उलट केलं की दोघांचंही नुकसान. आणि खिडकी उघडी ठेवा. पंखा लावताना हवा पेशंटकडून तुमच्याकडे येत नाही ना, तेही बघा.

पाणी, अन्न, रक्त

तलावपाळीवर पाणीपुरी खाणारे तुम्ही सगळे आहात, म्हणून जास्त बोलत नाही. पुदिन्याच्या पाण्यात प्रत्येक पुरीसोबत विक्रेत्याचा हात बुडतो, बर्फ कुठल्या पाण्याचा ते माहीत नसतं. टायफॉइड, हेपॅटायटिस ए, कॉलरा यांचा जंतू एकाच्या विष्ठेतून निघतो आणि दुसऱ्याच्या तोंडात जातो. टायफॉइडमधून बरा झालेला माणूसही पित्ताशयात जंतू घेऊन वर्षानुवर्षे फिरू शकतो. साठा म्हणजे नेहमी आजारी दिसणारा पेशंट असतो असं नाही, ही गोष्ट इथे पक्की करा.

रक्त हेही वाहनच. सुई टोचली आणि स्रोत पेशंटला संसर्ग असेल, तर लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचा धोका ३० टक्क्यांपर्यंत, सीचा साधारण ३ टक्के, एचआयव्हीचा ०.३ टक्के. टोपण पुन्हा लावायचं नाही, सुई जागच्या जागी पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. टोचलीच तर बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीची औषधं शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लाजून घरी जाणाऱ्यांचे हे तास वाया जातात. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, कुणाचे राहिले असतील तर पोस्टिंगआधी ऑफिसात नाव द्या.

डास, माशी

माशी जंतू पायांना लावून नेते, तिच्या अंगात काही घडत नाही. डासात मात्र जंतू वाढतो, म्हणून चावल्यापासून पुढचा चावा धोकादायक होईपर्यंत काही दिवस जातात. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो. त्याला गटार नको, स्वच्छ साठलेलं पाणी हवं: फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, घोडबंदर रोडवरच्या बांधकामांत साठलेलं पाणी. शहरी मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. एडिसची अंडी सुक्या भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पिंप नुसतं रिकामं करून चालत नाही, घासावं लागतं.

‘डेंग्यूच्या पेशंटला मच्छरदाणी कशाला, तो तर आधीच आजारी आहे?’ हा प्रश्न मावशींनी विचारला तर हसू नका. तापाच्या पहिल्या काही दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो; वॉर्डातला डास त्याला चावला तर पुढच्या बेडकडे तोच नेणार. मच्छरदाणी दुसऱ्यांसाठी असते.

आईकडून बाळाला होणारा संसर्ग वेगळा धडा आहे. इथे एवढंच: हेपॅटायटिस बीची जन्मवेळची लस २४ तासांच्या आत.

गृहपाठ, उद्या वॉर्डात जाताना सोबत

खालच्या चार पेशंटांसाठी तीन प्रश्नांची उत्तरं आणि तुम्ही कुठली कडी, कशाने तोडाल ते लिहून आणा.

बेड ३: ऐरोलीची ६८ वर्षांची आजी, मधुमेह, कॅथेटर पाच दिवसांपासून, युरोबॅग जमिनीला टेकलेली.

बेड ७: कोपरखैरण्याचा २२ वर्षांचा मुलगा, तीन आठवडे खोकला, वजन घटलं, कफाचा रिपोर्ट यायचा आहे. नातेवाईक जेवण घेऊन दिवसभर जवळ बसतात.

बेड ११: कळव्याचा नऊ महिन्यांचा मुलगा, ताप आणि अंगभर पुरळ, गोवराची लस राहिलेली. शेजारच्या बेडवर ब्रॉन्कायटिसचं चार महिन्यांचं बाळ.

बेड १४: तुर्भ्याच्या मार्केटात माल उचलणारा, पायाला भेगा, चार दिवस ताप, डोळे पिवळे.

बेड ११ च्या उत्तरात पहिली ओळ शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाबद्दल हवी.